चिलर बंद, टॉवर चालू: विदर्भातल्या ऑफिस इमारतीसाठी प्लेट हीट एक्स्चेंजर आणि चेंजओव्हरची आखणी

हिंगणघाटकडच्या पट्ट्यात जानेवारीत पहाटेचा पारा १२ अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी तोच २८ वर जातो. कूलिंग टॉवरला मात्र हा पारा दिसत नाही, त्याला दिसतं वेट बल्ब तापमान, म्हणजे ओलं कापड गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो ते. पहाटे १२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब साधारण ९ येतो. दुपारी २८ अंश आणि ३५ टक्के आर्द्रतेला तो १८ च्या जवळ असतो. टॉवर पाण्याला वेट बल्बच्या खाली नेऊ शकत नाही, चांगल्या दिवशी तीन-साडेतीन अंश वर थांबतो; या फरकाला अ‍ॅप्रोच म्हणतात. म्हणजे पहाटे टॉवरमधून १२-१३ अंशांचं पाणी फुकट मिळतं आणि दुपारी साडेएकवीसचं, ज्याचा इमारत थंड करायला काही उपयोग नाही.

इथेच पहिला निर्णय होतो. ऑफिस सकाळी दहाला उघडून संध्याकाळी सहाला बंद होणार असेल आणि रात्री आत काहीच चालत नसेल, तर विदर्भात वॉटरसाइड इकॉनॉमायझर, म्हणजे चिलर बंद ठेवून टॉवरच्याच पाण्याने प्लेट हीट एक्स्चेंजरमार्फत इमारत थंड करण्याची सोय, बसवू नये. थंडी रात्री आणि लोड दिवसा, दोघांची गाठच पडत नाही. इमारतीत चोवीस तास चालणारी सर्व्हर रूम, कंट्रोल रूम किंवा टेलिकॉम खोली असेल, तरच हे गणित जुळतं.

म्हणून इथे अशीच इमारत घेऊ. कारखान्याच्या आवारातली चार मजली ऑफिस इमारत, ६० टनांचे दोन वॉटर-कूल्ड स्क्रू चिलर, प्रत्येकाचा स्वतःच्या तळटाकीचा एक कूलिंग टॉवर. मे महिन्यात दोन्ही चिलर लागतात. डिसेंबर-जानेवारीत दिवसाचा लोड ५५ ते ६० टन आणि रात्रीचा सरळ २५ टन, कारण तळमजल्यावरची सर्व्हर रूम आणि कंट्रोल रूम झोपत नाहीत. पाण्याची रचना प्रायमरी-सेकंडरी आहे: चिलरचे पंप वेगळे, इमारतीत पाणी फिरवणारे पंप वेगळे आणि मध्ये दोघांना जोडणारा कॉमन पाइप.

बाहेरची थंड हवाच का आत घेऊ नये, असा प्रश्न येतो. तो रास्त आहे, पण या भागात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा जिनिंगचाही हंगाम. हवेत कापसाचे तंतू आणि काळ्या मातीची धूळ असते. ती हवा सर्व्हर रूममध्ये सोडायची म्हणजे फिल्टर बदलण्यासाठी माणूस नेमावा लागेल. प्लेट हीट एक्स्चेंजरमुळे ही घाण टॉवरच्या पाण्यातच अडते आणि चिल्ड वॉटरचं बंद चक्र स्वच्छ राहतं. टॉवरचं पाणी थेट चिल्ड वॉटरच्या पाइपात सोडण्याचा स्वस्त उपाय कुणी सुचवला तर ऐकू नये. एका हंगामात प्रत्येक कॉइलमध्ये गाळ आणि शेवाळ बसेल.

आधी चिल्ड वॉटरचं तापमान वर न्या

हीट एक्स्चेंजरची किंमत विचारण्याआधी करायचं काम हे, आणि नेमकं हेच बहुतेक ठिकाणी राहून जातं. बेरीज साधी आहे. वेट बल्बमध्ये टॉवरचा अ‍ॅप्रोच साडेतीन अंश मिळवा, त्यात एक्स्चेंजरमध्ये टॉवरच्या आणि चिल्ड वॉटरच्या पाण्यात उरणारा दीड अंशाचा फरक मिळवा, म्हणजे इमारतीला मिळणारं पाणी कळतं. ७ अंशांचं पाणी हवं असेल तर वेट बल्ब २ अंश लागेल, जो इथे मिळणारच नाही. १६ अंशांचं चालणार असेल तर ११ वेट बल्ब पुरतो, आणि तो नेहमीच्या जानेवारीत मध्यरात्रीपासून सकाळी आठपर्यंत मिळतो.

१६ अंशांचं पाणी चालेल का, हे दोन गोष्टींवर ठरतं. पहिली, हवेतलं बाष्प. विदर्भातला हिवाळा कोरडा असतो. वर दिलेल्या पहाटेच्या हवेचा दवबिंदू ७ अंशांच्याही खाली असतो, दुपारच्या हवेचा ११-१२ च्या आसपास. कॉइलवर पाणी गाळून हवा कोरडी करण्याची गरजच नसते, त्यामुळे थंडगार कॉइल लागत नाही. कोकणात हा हिशेब जमणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सर्व्हर रूममधल्या प्रिसिजन एसीची कॉइल. ही यंत्रं ७ अंशांच्या पाण्यावर निवडलेली असतात. कॉइलची ताकद ढोबळमानाने आत येणारी हवा आणि आत येणारं पाणी यांच्या तापमानातल्या फरकावर चालते. खोलीतली परतीची हवा २४ अंश असताना ७ च्या पाण्याशी फरक १७ अंशांचा असतो. पाणी १६ केलं की फरक ८ उरतो, म्हणजे ताकद निम्म्याहून खाली. पण रॅकमागची गरम गल्ली दारं आणि छत लावून बंद केली, रॅकच्या रिकाम्या खाचांना पट्ट्या लावल्या, तर गरम हवा थंड हवेत न मिसळता परत येते आणि परतीची हवा ३२ पर्यंत चढते. आता १६ च्या पाण्याशी फरक पुन्हा १६ झाला. यंत्र तेच, काम जवळजवळ तेवढंच. सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंशांची हवा चालते, आणि या मांडणीत ती २१-२२ च्या आसपास मिळते.

म्हणून खर्चाच्या यादीत गरम गल्लीचं बंदिस्तीकरण एक्स्चेंजरच्या आधी लिहावं. तेवढ्यासाठी पैसे नसतील तर पुढचं सगळं पुढच्या वर्षावर ढकलावं.

दिवसा एएचयू, म्हणजे मजल्यांवर थंड हवा फिरवणारी यंत्रं, चालू असताना हिवाळ्यात पाणी १२ अंशांवर ठेवायचं, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात नेहमीसारखं ७ वर.

एक्स्चेंजर कुठे बसतो

जागा एकच बरोबर आहे: इमारतीतून परत येणाऱ्या पाण्याच्या पाइपावर, कॉमन पाइपाच्या आधी. परतीचं पाणी सगळ्यांत गरम असतं, म्हणून टॉवरचं जेमतेम थंड पाणीही तिथे काही उष्णता काढून घेऊ शकतं. उरलेली चिलर काढतो. चिलरला समांतर एक्स्चेंजर जोडला तर त्याला थेट १६ चं पाणी द्यावं लागतं. नाही जमलं तर तो पूर्ण बंद, मधली अवस्थाच नाही.

मुख्य पाइप कापून पूर्ण प्रवाह एक्स्चेंजरमधून फिरवण्यापेक्षा, परतीच्या पाइपाला दोन टी लावून बाजूला छोटा फेरा काढावा. पहिल्या टीमधून पाणी उचलायचं, स्वतंत्र पंपाने एक्स्चेंजरमधून न्यायचं आणि पुढच्या टीमध्ये परत सोडायचं. याने सेकंडरी पंपावर जादा दाब येत नाही आणि मे महिन्यात दोन व्हॉल्व्ह बंद केले की फेरा नसल्यासारखाच. उचलण्याची टी प्रवाहाच्या वरच्या बाजूला आणि सोडण्याची खालच्या बाजूला हवी. फिटर उलटं जोडतो तेव्हा एक्स्चेंजरला गरम पाण्याऐवजी त्याचंच थंड झालेलं पाणी मिसळून मिळतं. यंत्र चालू दिसतं, काम मात्र अर्धं होतं. दोन्ही टीच्या मधल्या तुकड्यावर आणि एक्स्चेंजरच्या तोंडावर थर्मामीटर लावून ही चूक पाच मिनिटांत सापडते. एक्स्चेंजरमध्ये शिरणारं पाणी परतीच्या पाण्याइतकंच गरम असायला हवं.

आता कॉमन पाइपाची गोष्ट. रात्री चिलर आणि त्यांचे प्रायमरी पंप बंद असतात. एक्स्चेंजरमधून थंड होऊन आलेलं परतीचं पाणी कॉमन पाइपातून सरळ सप्लायकडे जातं आणि सेकंडरी पंप ते इमारतीत ढकलतो. जादा बायपास लागत नाही, जादा मोठा व्हॉल्व्ह लागत नाही. पण अनेक जुन्या प्लांटमध्ये कॉमन पाइपात एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवलेला असतो, परतीचं गरम पाणी सप्लायमध्ये मिसळू नये म्हणून. आपल्याला नेमका तोच उलटा प्रवाह हवा आहे. एनआरव्ही राहिला तर पहिल्या रात्री सेकंडरी पंप बंद दाराला धक्के मारत बसेल, किंवा पाणी बंद चिलरमधून वाट काढेल. ड्रॉइंगवर तो नसतोच, म्हणून पाइपावरचं इन्सुलेशन काढून डोळ्यांनी पाहावं आणि सापडला तर काढून तिथे स्पूल पीस, म्हणजे पाइपाचा साधा तुकडा, टाकावा.

टॉवरच्या बाजूला एक टॉवर फक्त एक्स्चेंजरसाठी राखायचा, त्याला अ म्हणू, आणि ब चिलरसाठी. दोन्ही तळटाक्यांना जोडणारा इक्वलायझर पाइप हिवाळ्यात व्हॉल्व्हने बंद ठेवायचा. कारण असं की चिलर आणि एक्स्चेंजर दोघे एकाच टाकीवर असले तर एकाला १४ अंशांचं पाणी हवं असतं आणि दुसऱ्याला ते सोसत नाही. याबद्दल पुढे.

एक्स्चेंजरचा आकार

२५ टन म्हणजे ८८ किलोवॉट. चिल्ड वॉटर २१ अंशांना येऊन १६ ला बाहेर पडणार, पाच अंशांचा फरक, तर प्रवाह ताशी सुमारे १५ घनमीटर.

टॉवरच्या बाजूचा प्रवाह ठरवताना पहिला मोह होतो तो तेवढाच, १५-१६ घनमीटर ठेवण्याचा. तसं करू नये. ६० टनांच्या चिलरचा टॉवर ताशी ४५ घनमीटरच्या आसपास पाण्यासाठी बनलेला असतो. त्यात एक तृतीयांश पाणी सोडलं तर नोझलमधून ते सगळीकडे पसरत नाही. फिलचे, म्हणजे टॉवरमधल्या पाणी पसरवणाऱ्या जाळीचे, काही पट्टे कोरडे राहतात, त्यांतून हवा फुकट निघून जाते आणि कडेला क्षार धरतो. निम्म्याच्या वर प्रवाह ठेवावा. इथे २४ घनमीटर घेऊ. मग टॉवरचं पाणी १४.५ अंशांना एक्स्चेंजरमध्ये शिरून साधारण १७.६५ ला बाहेर पडतं.

आता थंड टोकाला फरक १.५ अंश आणि गरम टोकाला ३.३५. त्याची लॉग सरासरी २.३ अंश. प्लेटमधून उष्णता जाण्याचा गुणांक चौरस मीटरला ४००० वॉट प्रति अंश धरला, तर:

```
A = 88000 / (4000 x 2.3) = 9.6 m2
```

यावर १५ टक्के जादा धरून ११ चौरस मीटर. टॉवरच्या बाजूला १६.८ घनमीटरच ठेवले असते तर लॉग सरासरी १.७५ वर आली असती आणि क्षेत्रफळ एक तृतीयांश वाढलं असतं. जादा प्रवाहाने प्लेटही वाचल्या आणि टॉवरही नीट भिजला. पंपाची थोडी वीज जास्त गेली, जाऊ द्या.

इथे दोन चुका नेहमी होतात. एक म्हणजे शेल-अँड-ट्यूबच्या सवयीने मोठा फाउलिंग फॅक्टर, म्हणजे गाळ बसेल म्हणून धरलेली जादा सूट, लिहून देणं. पुरवठादार मुकाट प्लेट वाढवतो, प्रत्येक गाळ्यातला वेग कमी होतो आणि कमी वेगात गाळ जास्त बसतो. भीतीपोटी वाढवलेल्या प्लेटमुळेच एक्स्चेंजर चोंदतो. क्षेत्रफळावर १० ते १५ टक्के, त्याहून जास्त नको. दुसरी चूक म्हणजे एक्स्चेंजरचा अ‍ॅप्रोच ३ अंश स्वीकारणं, कारण दर कमी येतो. रात्री वेट बल्ब तासाला अर्धा-पाऊण अंशाने उतरतो. म्हणजे अ‍ॅप्रोचचा दर जादा अंश रात्रीचे दीड-दोन तास खातो, आणि तेवढेच सकाळी.

टॉवरच्या विक्रेत्याकडून १० अंश वेट बल्ब आणि ८८ किलोवॉटवरचा अ‍ॅप्रोच लेखी मागावा. कॅटलॉगमधला आकडा २७-२८ वेट बल्बचा असतो. तोच टॉवर, तेवढाच लोड, पण थंड हवेत अ‍ॅप्रोच वाढतो, कारण थंड हवेची बाष्प धरण्याची भूक कमी असते. इथे लोड टॉवरच्या क्षमतेच्या एक तृतीयांशच आहे म्हणून साडेतीन अंश धरता येतात.

बाकी सामान थोडक्यात: प्लेट एसएस ३१६, गॅस्केट एनबीआर, टॉवरच्या बाजूचे पाइप ८० मिलिमीटर, चिल्ड वॉटरच्या बाजूचे ६५, दोन्ही पंपांना वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी, टॉवर अ च्या पंख्याला व्हीएफडी. एक्स्चेंजरच्या आधी टॉवरच्या बाजूला बास्केट स्ट्रेनर हवाच, जाळीचं भोक दीड मिलिमीटरपेक्षा मोठं नको. आणि प्लेट उघडण्यासाठी समोर मोकळी जागा सोडा. भिंतीला चिकटवलेला एक्स्चेंजर पुढे कुणीच साफ करत नाही.

चेंजओव्हर

तीन अवस्था आहेत. फक्त चिलर, दोघे मिळून, आणि फक्त टॉवर. बीएमएसमध्ये, म्हणजे इमारतीच्या नियंत्रण संगणकात, लिहायचा तर्क एवढाच:

```
T_pred   = WB + 3.5 + 1.5
FULL_ON  : AHU_OFF and T_pred <= SP      for 20 min
FULL_OFF : CHWS > SP + 1.5               for 10 min
PART_ON  : T_pred <= CHWR - 2.0          for 20 min
PART_OFF : PHE_in - PHE_out < 1.0        for 15 min
MIN_STAY : 45 min
```

WB म्हणजे वेट बल्ब, SP म्हणजे राखायचं तापमान, CHWS आणि CHWR म्हणजे चिल्ड वॉटरचं सप्लायचं आणि परतीचं तापमान, PHE म्हणजे एक्स्चेंजर. यातली एक खोच पाहा. आत शिरताना वेट बल्ब विचारला आहे, बाहेर पडताना पाण्याचं तापमान. आर्द्रतेचा सेन्सर धुळीने आणि वर्ष-दोन वर्षांत स्वतःहूनच सरकतो. त्याच्यावर अवलंबून बाहेर पडलं तर एक तर सर्व्हर रूम तापते, नाही तर चिलर विनाकारण सुरू होतो. इमारतीला मिळणारं पाणी थंड आहे की नाही, हे पाण्यालाच विचारावं. सेन्सर उत्तरेच्या भिंतीवर, सावलीत आणि टॉवरच्या वाफेपासून दूर असावा. टॉवरशेजारी लावलेला सेन्सर कायम ओलसर हवा मोजतो, वेट बल्ब जास्त दाखवतो आणि फ्री कूलिंग सुरूच होत नाही. कारण शोधताना सगळे एक्स्चेंजर उघडून बसतात.

चिलरकडून टॉवरकडे जाताना आधी अ टॉवरचा पंखा, त्याचा पंप आणि फेऱ्याचा पंप सुरू करायचा. एक्स्चेंजरमधून बाहेर पडणारं पाणी १६ वर आलं की चिलरला लोड कमी करायला लावून थांबवायचं. प्रायमरी आणि कंडेन्सर पंप पाच मिनिटं आणखी चालवून मग बंद. आधी चिलर थांबवून मग टॉवर सुरू केला तर मधल्या दहा-पंधरा मिनिटांत सर्व्हर रूमचं तापमान चढतं, अलार्म वाजतो आणि रात्रपाळीचा माणूस सगळं मॅन्युअलवर टाकून देतो. प्लांट पुढे मार्चपर्यंत मॅन्युअलवरच राहतो.

मधल्या अवस्थेत अडचण आहे ती चिलरच्या किमान लोडची. ६० टनांचा स्क्रू साधारण २५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे १५ टनांपर्यंत खाली येतो. रात्रीचा लोड २५ टन आणि वेट बल्ब १३ असला तर एक्स्चेंजर १५ टन उचलतो आणि चिलरसाठी १० उरतात. तो चालू-बंद होऊ लागतो. इलाज म्हणजे सप्लायवर ३ घनमीटरची बफर टाकी आणि पाण्याला तीन अंश वर-खाली होण्याची मुभा. चिलर १५ टनांवर चालतो तेव्हा ५ टन शिल्लक राहून टाकी थंड होते, त्याला पस्तीसेक मिनिटं लागतात. मग तो थांबतो आणि टाकी १० टनांच्या लोडने सतरा-अठरा मिनिटांत पुन्हा तापते. म्हणजे तासाला एखादा स्टार्ट, स्क्रूला तेवढं सोसतं. टाकीला जागा नसेल तर चिलरसाठी १५ टनांपेक्षा कमी उरणार असतील तेव्हा फेऱ्याच्या पंपाचा वेग उतरवून एक्स्चेंजरला मुद्दाम कमी काम द्यावं. वीज थोडी कमी वाचते, कॉम्प्रेसर जगतो.

आता सकाळचा प्रसंग, सगळ्यांत नाजूक. साडेआठला एएचयू सुरू व्हायचे असतात, लोड चढणार असतो. रात्रभर थांबलेल्या ब टॉवरच्या तळटाकीत १२ अंशांचं पाणी आहे. ते तसंच कंडेन्सरमध्ये गेलं की हेड प्रेशर वर येतच नाही. एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून गॅस ढकलायला दाबाचा फरक पुरत नाही, इव्हॅपोरेटरचा दाब कोसळतो आणि चिलर लो सक्शनवर ट्रिप होतो. अनेक स्क्रू यंत्रांत तेलही याच दाबावर फिरतं, म्हणून दुसरा ट्रिप ऑइल प्रेशरचा येतो. ऑपरेटरला वाटतं गॅस कमी झाला. तो गॅस भरतो आणि मे महिन्यात हाय प्रेशरवर ट्रिप सुरू होतात.

म्हणून कंडेन्सरवर थ्री-वे मिक्सिंग व्हॉल्व्ह हवा. सुरुवातीला तो पूर्ण बायपासवर असतो. कंडेन्सरमधून निघालेलं पाणी टॉवरवर न जाता परत पंपाकडे येतं, थोड्या पाण्यात उष्णता साठत जाते आणि काही मिनिटांत ते २० अंशांवर येतं. किमान किती चालतं हा आकडा चिलरच्या मॅन्युअलमधून घ्यावा, २० हा ढोबळ आहे. त्यानंतर व्हॉल्व्ह हळूहळू टॉवरकडे उघडतो, आणि ब चा पंखा सगळ्यांत शेवटी. व्हॉल्व्हचा अ‍ॅक्च्युएटर नव्वद सेकंदांत पूर्ण फिरणारा असेल तर तो उघडताना पीआयडी मंद ठेवा. नाही तर टाकीतलं थंड पाणी एकदम आत घुसतं आणि ट्रिप दहा मिनिटांनी उशिरा येतो, एवढाच फरक.

चिलर स्थिर झाल्यावरही एक्स्चेंजर लगेच बंद करायचा नाही. दिवसाचं पाणी १२ सप्लाय, १७ परतीचं आहे. वेट बल्ब १० असेपर्यंत एक्स्चेंजर त्याच्या फेऱ्यातलं पाणी १५ वर आणून देतो. साडेनऊ-दहाला फरक एका अंशाखाली जाईल आणि तर्क त्याला आपोआप बाजूला काढेल.

थंडीची लाट आली आणि पहाटे वेट बल्ब ४-५ वर गेला तर उलटी काळजी. पाणी ९-१० वर जाऊ नये म्हणून पंख्याचा वेग एक्स्चेंजरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तापमानावर बांधा. १६ राखायचे, त्याखाली नाही. पंखा पूर्ण थांबला तरी चालतो. ग्लायकोल किंवा तळटाकीत हीटर या भागात लागत नाही, दरपत्रकात आले तर खोडून टाका.

काय बिघडतं आणि ते कसं ओळखायचं

रोज पहाटे पाच वाजताचे दोन आकडे लिहून ठेवा: टॉवरचं पाणी एक्स्चेंजरमध्ये शिरताना आणि चिल्ड वॉटर बाहेर पडताना. त्यांच्यातला फरक नवीन असताना दीड अंश असतो. सोबत टॉवरच्या बाजूच्या पाण्याचा दाबफरक लिहा, २४ घनमीटरला तो ५० किलोपास्कल होता असं धरू. हे दोन आकडे एकत्र वाचायचे. अ‍ॅप्रोच अडीचवर गेला आणि दाबफरकही ८० झाला, तर गाळ्यांत कचरा अडकला आहे. अ‍ॅप्रोच वाढला पण दाबफरक तेवढाच, तर प्लेटवर पातळ शेवाळी थर आहे. अ‍ॅप्रोच वाढला आणि दाबफरक उतरला, तर एक्स्चेंजर निर्दोष आहे, पाणीच कमी येतं आहे. स्ट्रेनर पाहा.

स्ट्रेनरमध्ये डिसेंबरात काय सापडतं ते एकदा हातात घेऊन पाहण्यासारखं असतं. कापसाचे तंतू काळ्या मातीत भिजून जाजमासारखा राखाडी थर बनतो, तो जाळीवरून सोलून निघतो. जिनिंगच्या हंगामात जाळी आठवड्यातून दोनदा काढावी. स्ट्रेनरच्या आर-पार दाबमापक लावला तर वाराची वाट पाहावी लागत नाही.

बोअरचं पाणी जड असलं तरी इथे क्षाराचा त्रास कंडेन्सरपेक्षा कमी होतो. कॅल्शियमचा क्षार गरम पृष्ठभागावर धरतो आणि इथलं पाणी १८ च्या वर जात नाही. त्रास गाळाचा आणि शेवाळाचा. त्यामुळे अ‍ॅसिडने धुण्याची घाई करू नये. आधी उलट्या दिशेने पाणी सोडून फेरा धुवावा, त्यासाठी चार व्हॉल्व्हची सोय सुरुवातीलाच ठेवावी. प्लेट उघडाव्या लागल्या तर बांधताना बोल्ट अंदाजाने आवळू नयेत. एक्स्चेंजरवरच्या पाटीवर प्लेटच्या गठ्ठ्याची लांबी दिलेली असते, टेपने चारही कोपऱ्यांत तीच भरली की थांबायचं.

पाणी जास्त लागेल का, असं विचारलं जातं. ८८ किलोवॉट उष्णता बाष्पीभवनाने काढायला तासाला फार तर १२५-१३० लिटर उडतात. चिलर चालला असता तर कॉम्प्रेसरची उष्णताही टॉवरवर आली असती, म्हणजे उलट जास्त उडालं असतं.

विजेचा हिशेब असा. २५ टनांवर हा चिलर टनाला ०.८ किलोवॉट खातो असं धरलं तर २० किलोवॉट वाचतात. नवे दोन पंप मिळून तीन किलोवॉट घेतात, पण कंडेन्सर आणि प्रायमरी पंप बंद असल्याने ते भरून निघतात. रात्रीचे आठ तास आणि वर्षाला साठेक रात्री धरल्या तर पूर्ण फ्री कूलिंगचे ४८० तास, म्हणजे साडेनऊ हजार युनिट. मधल्या अवस्थेचे दोन-अडीच हजार युनिट वेगळे. युनिटला ९ रुपये धरले तर लाखभर रुपये. सगळं मिळून खर्च सहा लाखांच्या आत बसत असेल तर करावं. दहा लाखांचं दरपत्रक आलं तर त्याच पैशात टॉवरचं फिल आणि चिलरचे व्हीएफडी आधी पाहावेत.

फेब्रुवारीच्या मध्यानंतर रात्रीचा वेट बल्ब ११ च्या खाली क्वचितच टिकतो. तिथून नोव्हेंबरअखेरपर्यंत एक्स्चेंजर नऊ महिने रिकामा बसणार. त्यात टॉवरचं पाणी तसंच साठवून ठेवलं तर एप्रिलच्या उन्हात ते कुजतं आणि पुढच्या हंगामात पहिल्याच रात्री अ‍ॅप्रोच तीन अंश निघतो. टॉवरची बाजू साध्या पाण्याने धुवून पूर्ण रिकामी करावी, खालचा ड्रेन उघडाच ठेवावा आणि दोन्ही व्हॉल्व्हच्या हँडलला तशी पाटी बांधावी. चिल्ड वॉटरची बाजू भरलेलीच ठेवून तिचा पंप दर आठवड्याला दहा मिनिटं फिरवावा. इक्वलायझरचा व्हॉल्व्ह मार्च उजाडण्याआधी उघडावा. तो विसरला तर मे महिन्यात दोन्ही टॉवर एकत्र चालताना एक टाकी ओसंडते आणि दुसऱ्या टाकीतून पंप हवा ओढतो.